राक्षसाचं बारसं : प्रकल्प नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार

स्नेहसंमेलन २० डिसेंबरला. बालनाट्य सहावीकडे आलंय आणि सहावी माझ्याकडे. प्रेक्षक म्हणजे बालवाडीचे दोन्ही गट आणि पहिली, मिळून दीडशेच्या आसपास मुलं. सगळी पुढे सतरंजीवर बसणार, रंगमंचापासून चार हातांवर. सर्वांत लहान प्रेक्षक साडेतीन वर्षांचा.

गोष्ट अशी : एक राक्षस गावातले सगळे आवाज पोत्यात भरून नेतो. कोंबड्याची बांग, कुकरची शिट्टी, शाळेची घंटा. सोनी नावाची मुलगी ते परत आणते. संहिता मीच दिवाळीच्या सुट्टीत लिहिली. राक्षसाचं नाव विक्राळासुर, चेटकिणीचं काळजिव्हा. लिहिताना मला फार भारी वाटलं होतं.

आज बालवाडीत वाचून दाखवली. मुखवटा नाही, ढोल नाही, मी खुर्चीवर बसलेली आणि हातात कागद. ‘‘आणि मग आला विक्राळासुर!’’ म्हटल्याबरोबर पुढच्या ओळीतल्या एकीने ताईंचा पदर पकडला तो वाचन संपेपर्यंत सोडला नाही. दोघं रडली. मधल्या सुट्टीत ताई वर आल्या. म्हणाल्या, ‘‘बाई, छोट्या गटातला एक जण एकटा शूला जायला तयार नाही. तिथे तो आहे म्हणतो.’’

‘‘तो म्हणजे विक्राळासुर?’’

‘‘नाव कुठे घेता येतंय त्याला? नुसतं ‘तो, तो’ करतोय.’’

हे डोक्यात घोळत राहिलं. जे नाव तोंडात मावत नाही, ते मूल उच्चारू शकत नाही, त्याची टर उडवू शकत नाही, आईला सांगूही शकत नाही. मग ते आत बसून राहतं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

दोन दिवस निवडणुकीच्या कामात गेले. काल मतदान होतं. मतदार यादी माझ्यासमोर, त्यामुळे सकाळपासून संध्याकाळपर्यंत मोठ्याने नावंच वाचत होते. वाचता वाचता वाटलं, राक्षसाला आसुर-बिसुर न लावता सरळ आडनावच द्यावं. श्री. ढमढेरे! एखादा राक्षस दारात उभा राहून ‘‘नमस्कार, मी ढमढेरे’’ म्हणाला तर कोण घाबरेल?

घरी येऊन लक्षात आलं की ढमढेरे हे खरं आडनाव आहे. डोईफोडे खरं आहे. वाकडे, टकले, ढेकणे, बोबडे, सगळी खरी. मराठीत गमतीदार आडनाव नव्याने बनवणं जवळजवळ अशक्य आहे. कुणीतरी ते आधीच पिढ्यान्पिढ्या लावत असतं आणि त्याची नात आपल्याच शाळेत असते. आज सकाळी कार्यालयातून पहिली ते सातवीचे हजेरीपट मागवून घेतले. इथून पुढे जे नाव सुचेल ते आधी हजेरीपटात शोधायचं. ढमढेरे सापडले, दुसरीत आणि पाचवीत. बहीणभाऊ असावेत. नाव रद्द.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

एक साधा प्रयोग केला. पहिलीच्या दोन तुकड्यांत तोच उतारा, त्याच आवाजात, तेवढंच थांबून वाचला. ‘अ’ला विक्राळासुर, ‘ब’ला टमाटासुर. ‘अ’मध्ये शांतता आणि बाकाच्या कडा धरलेले हात. ‘ब’मध्ये हशा. एकाने तर विचारलं, ‘‘बाई, तो कोशिंबिरीत राहतो का?’’

पण गंमत पुढे झाली. टमाटासुराने कोंबड्याची बांग चोरली तेव्हा ‘ब’मधली मुलंही हळूच सरकून जवळ आली. त्यांना काळजी वाटत होती, पण राक्षसाची नव्हे, कोंबड्याची. मला हेच हवंय. नाव विनोदी ठेवलं की गोष्टीतला धोका नाहीसा होत नाही. मुलाला राक्षसाकडे बघत राहण्याचं धाडस होतं, एवढंच.

तरी टमाटासुर घेणार नाही. तो कोशिंबिरीवाला विनोद एकदाच होतो. दुसऱ्या प्रवेशात नाव नुसतं लोंबकळत राहील. टोमॅटोचा आणि आवाज चोरण्याचा काही संबंध नाही.

मग ‘आसुर’ प्रत्ययच वाईट का? संध्याकाळी आमच्याच जुन्या गोष्टी आठवून पाहिल्या. बकासुराला कुठलंही मूल घाबरत नाही. तो माणसं खातो हे ठाऊक असूनही नाही, कारण त्याआधी गाडाभर अन्न डोळ्यांसमोर येतं. घरात जास्त पुऱ्या खाणाऱ्याला आपण बकासुर म्हणतो. कुंभकर्ण तर घरोघरी रविवारी असतो. शूर्पणखा म्हणजे सुपासारखी नखं असलेली. मी वर्गात खरं सूप नेऊन दाखवलं होतं तेव्हा ‘‘ही खाजवत कशी असेल?’’ या चिंतेने मुलं बेजार झाली होती. म्हणजे नावातून ताकद दिसली की भीती, आणि हाव, झोप, अडचण दिसली की हसू. विक्राळ या शब्दात नुसती ताकद आहे. आमच्या राक्षसाची खोड काय, हे संहितेत मी लिहिलंच नव्हतं. नाव सापडत नाही याचं खरं कारण ते.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

आज चूक माझ्या हातून झाली, म्हणून नोंद सविस्तर.

सहावीला सांगितलं, राक्षसासाठी गमतीदार नावं सुचवा. फळा दहा मिनिटांत भरला. ढेरपोट्या, टकलासुर, तिरळ्या, काळतोंड्या, फेंगड्या, बोबडासुर. वर्ग खिदळत होता आणि ‘ढेरपोट्या’ला मीही हसले. हसता हसता तिसऱ्या बाकाकडे नजर गेली. तिथला मुलगा वहीवर रेघा मारत खाली बघत होता. दोन तासांनंतर पाण्याच्या टाकीपाशी तेच नाव ऐकू आलं, आणि ते राक्षसाला उद्देशून नव्हतं.

मराठीत ‘-या’ लावला की कशाचंही टोपणनाव होतं, आणि आपल्याकडची निम्मी टोपणनावं अंगावरून पडतात. नाटक वीस मिनिटांत संपतं, नाव पुढची चार वर्षं शाळेत फिरतं. लहान मुलांना तर हे नाव नेमकं कुणाचं हे फार लक्षात राहत नाही; जाड तो ढेरपोट्या, एवढंच राहतं. त्या मुलाशी टाकीपाशीच बोलले. जे बोलायला हवं होतं ते सकाळी वर्गात बोलायला हवं होतं.

फळ्यावरची नावं पुसली नाहीत. उद्या वर्गालाच विचारायचं ठरवलं : यातलं कुठलं नाव मधल्या सुट्टीत कुणाला चिकटेल? ते कापा.

(२७ला कापली. चौतीसपैकी नऊ उरली. कापायला सर्वांत पुढे तिसऱ्या बाकावरचाच होता.)

चित्रकलेच्या सरांची सूचना : मोबाईलासुर. त्याआधीच्या वर्षी प्लास्टिकासुर झाला होता. ही नावं पालकांना आवडतात, टाळ्याही मिळतात. बालवाडीत मी विचारून आले, ‘‘प्लास्टिकासुर म्हणजे काय असेल?’’ बराच वेळ गप्प राहून एक जण म्हणाला, ‘‘बाटली.’’ सरांना तसं सांगितलं. सर हसले, पण त्यांनी मोबाईलचा पुठ्ठा आधीच कापला होता असं कळलं. आता तो पुठ्ठा गावातलं दुकान म्हणून वापरू.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

आज एक नाव आपण होऊन आलं.

तालमीत सोनीचं काम करणाऱ्या मुलीने सहज विचारलं, ‘‘बाई, ह्या राक्षसाला मुलंबिलं आहेत का?’’ मी म्हटलं, ‘‘राक्षसबिक्षस असेच एकटे असतात गं.’’ आणि दोघी थांबलो. राक्षस. बिक्षस. राक्षसाचे दोन चेले!

चहाबिहा, पाणीबिणी, भूतबित. शब्दाच्या मागे त्याचं ‘बि’वालं पिल्लू लावलं की शब्दाचा मान जातो. ‘घरात साप आहे’ म्हटलं की आपण खुर्चीवर चढतो, ‘सापबिप असेल’ म्हटलं की विजेरी घेऊन बघायला जातो. हे व्याकरण तीन वर्षांच्या मुलाच्या तोंडात असतंच, शिकवावं लागत नाही. शिवाय राक्षस हा शब्द टाळावाही लागत नाही, त्याच्या शेजारी बिक्षस उभा केला की तो आपोआप लहान होतो.

लगेच लिहिलं :

‘‘मी राक्षस!’’
‘‘मी बिक्षस.’’
‘‘मी तुम्हाला खाईन!’’
‘‘मी पण. म्हणजे… बिईन.’’

‘बिईन’ला सहावी लोळली. बालवाडीत चालेल का, ते बघू.

बिक्षसाचं काम तिसऱ्या बाकावरच्या मुलाने मागून घेतलं. त्याला वेळ साधून बोलता येतं, हे मला वर्षभरात कळलं नव्हतं.

३ डिसेंबर, मंगळवार

मुख्य राक्षसाचं नाव ठरलं : गप्पासुर.

तो सगळ्यांना गप्प करतो, आणि स्वतः मात्र गप्पा मारल्याशिवाय राहू शकत नाही. गप्प आणि गप्पा, दोन्ही एकाच नावात. खोड सापडली तसा शेवटही सापडला. आधीच्या संहितेत सोनी त्याला दोरीने बांधत होती. आता ती फक्त ‘‘अय्या, मग पुढे काय झालं?’’ विचारत बसते. तो सांगत सुटतो, हातवारे करतो, आणि पोत्याचं तोंड धरायचंच विसरतो.

छोट्या गटात जाऊन चाचणी घेतली. गप्पासुर होणारा उंच मुलगा पुढे आला आणि छाती काढून म्हणाला, ‘‘मी गप्प…’’ आणि नावावर जोर द्यावा म्हणून क्षणभर थांबला. तेवढ्यात सगळ्या वर्गाने हाताची घडी, तोंडावर बोट केलं. तीसेक मुलं! शब्द कानावर पडला की हात आपोआप जातो, वर्षभर ताईंनी केलेली मेहनत. मुलगा गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. ताई तोंडाला पदर लावून हसत होत्या.

मी तो थांबा संहितेत घातला. आता तो दर वेळी ‘‘मी गप्प…’’ म्हणून थांबणार, मुलं गप्प होणार, आणि मग ‘‘…पासुर!’’ राक्षसाच्या आवाज चोरण्यात प्रेक्षक आपण होऊन सामील होतात, हे मला लिहून कधी जमलं नसतं.

७ डिसेंबर, शनिवार

सकाळची शाळा, त्यामुळे बालवाडीच्या ताईंबरोबर बसायला वेळ मिळाला. उरलेली नावं छोट्या मुलांकडून म्हणवून घेतली. या वयात पुष्कळ मुलांचा ‘क’ ‘ट’कडे जातो, ‘ग’ ‘द’कडे आणि ‘र’चा ‘ल’ होतो. गप्पासुरचा दप्पाछुल झाला. छान आहे, काही बिघडत नाही. राक्षस-बिक्षसमधला ‘क्ष’ कुणालाच नीट जमला नाही, पण लाक्छछ-बिक्छछ म्हणताना मुलांनाच इतकी मजा आली की राहू दे.

चेटकिणीच्या पाळीव मांजराचं नाव गुरगुरी होतं. पहिलं अक्षर ऐकताच मागच्या रांगेतून ‘‘गू!’’ आला आणि पुढची तीन-चार मिनिटं वर्ग हातातून गेला. हसणं मिळालं, पण त्या काळात कथेचं एक वाक्य कुणी ऐकलं नाही. मांजर आता नुसतं मांजर आहे.

चेटकिणीचं नाव सर्वांत अवघड गेलं. कुणी म्हणालं, अलबत्या गलबत्यामधल्या चेटकिणीचं चिंची हे नाव घेऊ. रत्नाकर मतकरींनी ते काय अचूक ठेवलंय : एकच अक्षर दोनदा, आणि दात न आलेलं मूलही म्हणू शकेल. पण ते नाटक पाहिलेली मुलं आमच्या चेटकिणीत तीच शोधत बसतील. मग सहावीने ‘कटकट मावशी’ सुचवलं आणि मी हो म्हणून मोकळी झाले. ताई काही बोलल्या नाहीत, दाराकडे बघितलं फक्त. दारात आमच्या मावशी उभ्या होत्या, एका पोराला शूला नेऊन आणलेल्या. बालवाडीत मावशी म्हणजे नातं नव्हे, एक ठरावीक बाई, जी डबा उघडून देते आणि चड्डी बदलते. उद्या कुणी त्यांना बघून ‘कटकट मावशी’ म्हणालं असतं तर मी कुठे तोंड लपवलं असतं? मी हजेरीपट तपासत होते, आणि मावशी हजेरीपटात नसतात.

शेवटी चुकचुक. पाल चुकचुकते तशी ती बोलण्याआधी चुकचुकते, आणि तिचा प्रत्येक मंत्र चुकतो. वाघ करायला जाते, वाटाणा होतो. नाव उच्चारायला सोपं, जीभ टाळ्याला लावून करायला त्याहून सोपं. दोन मिनिटांत अख्ख्या वर्गात पाली झाल्या.

१२ डिसेंबर, गुरुवार

नाव बरोबर असूनही आज तालमीत प्रवेश भीतीदायक झाला. कारण शोधायला वेळ लागला.

पहिल्या प्रवेशात गावकरी एकेक करून धावत येतात आणि म्हणतात, ‘‘तो येतोय! गप्पासुर येतोय!’’ पाच वेळा. न दिसणाऱ्याचं नाव पाच वेळा दबक्या आवाजात घेतलं की शेंगदाणासुर म्हटलं तरी अंगावर काटा येईल. भीती नावात नव्हती, वाट बघण्यात होती. ते सगळं कापलं. आता गप्पासुर आधी दिसतो : पोतं पायात अडकलेलं, ते सोडवत, स्वतःशीच बडबडत. नाव तो स्वतः सांगतो, कुणी न विचारता. त्यानंतरच गावकरी ते घेतात.

दुसरी अडचण आवाजाची. उंच मुलाला खर्जात गुरगुरायची हौस. ‘‘बाई, राक्षस आहे ना मी?’’ त्याला म्हटलं, तुझ्या घरी फोनवर सर्वांत जास्त कोण बोलतं? ‘‘आत्या.’’ तसं बोल. पहिल्याच प्रयत्नात जमलं. आत्या प्रयोगाला येणार आहेत असं नंतर कळलं.

संहितेत गप्पासुर हा शब्द तेवीस वेळा होता. नऊवर आणला. दर वाक्यात आला की त्याची गंमत शिळी होते आणि तोंडावर बोट न्यायलाही मुलं कंटाळतात.

१६ डिसेंबर, सोमवार

रंगीत तालीम. शिंगं मुलांसमोरच चढवायची, हा ताईंचा आग्रह, आणि तो मी मानला. दादा आधी साध्या गणवेशात आला, ‘‘माझं डावं शिंग कुठंय?’’ विचारलं, एका छोट्याने ते हातात दिलं. ज्याचं शिंग आपण दिलं त्याला कोण भिणार?

‘बिईन’ला बालवाडी हसली नाही. भविष्यकाळाची ती गंमत त्यांच्यासाठी फार वरची आहे, पहिली मात्र हसली. ठेवलं.

कार्यक्रमपत्रिका छापून आली. त्यात ‘गप्पासूर’. असुरातला ‘सु’ ऱ्हस्व. दीर्घ केला की गाण्यातला सूर होतो आणि राक्षस बैठकीला बसतो. संगीताच्या बाईंना हेच जास्त आवडलं. दोनशे प्रतींवर खाडाखोड करण्यात अर्थ नव्हता, तशीच वाटली.

२० डिसेंबर, शुक्रवार

प्रयोग झाला. ‘‘मी गप्प…’’ वर दीडशे बोटं तोंडावर गेली, कुणीही न सांगता, आणि मागे पालकांत जो हशा उठला त्यात पुढचं ‘पासुर’ कुणाला ऐकूच आलं नाही. दुसऱ्या वेळेला आमच्या पोराने हशा संपेपर्यंत शिंग सरळ करत वेळ काढला. हे मी शिकवलं नव्हतं.

शेवटी सोनी ‘‘मग पुढे काय झालं?’’ विचारत असताना पुढच्या रांगेतून एक जण ओरडला, ‘‘अगं, पोतं सुटलं!’’ आणि मग शिट्ट्या, बांगा, घंटा, सगळे आवाज सतरंजीवरूनच आले. ध्वनिफीत लावायची गरजच पडली नाही.

एक मूल रडलं. मध्येच दिवे घालवून हलगी वाजवायचा बेत होता, तो रद्द करायचं मी विसरले होते. अंधारात एकदम हलगी कडाडली आणि ते मूल घाबरलं. मावशींनी बाहेर नेलं. अंधाराला आणि हलगीला चुकचुक काय आणि काळजिव्हा काय, नावाने काहीच फरक पडत नाही. पुढच्या वेळी दिवे चालूच ठेवायचे.

२३ डिसेंबर, सोमवार

सामान आवरलं. शिंगं बालवाडीने मागून घेतली.

गप्पासुराला व्हरांड्यातून जाताना बघितलं की छोटा गट तोंडावर बोट ठेवून उभा राहतो. त्याला आधी मजा वाटली, आज म्हणाला, ‘‘बाई, पाणी प्यायला पण जाता येत नाही.’’ पाण्याच्या टाकीपाशी तिसऱ्या बाकावरच्या मुलाला कुणीतरी ‘‘ए बिक्षस’’ अशी हाक मारली. मी थबकून बघितलं. त्याने ‘‘बोल!’’ म्हणून मागे वळून हात केला.

दुपारी ताई भेटल्या. एकटा शूला न जाणारा तो छोटा आता जातो. फक्त दारापाशी थांबतो, मागे वळून कुणाला तरी दम देतो, ‘‘बिक्छछ, तू बाहेल थांब,’’ आणि आत जाऊन कडी न लावता दार लोटून घेतो.